फायनल इयर प्रोजेक्ट: कामं वाटूनही सगळं एकाच्याच डोक्यावर का येतं, आणि ते कसं थांबवायचं

लक्षण

पहिल्या रिव्ह्यूला चौघांपैकी एकच जण बोलतो. बाकीचे तिघे स्लाइडकडे बघत उभे. प्रश्न कुणालाही विचारा, नजरा त्या एकाकडेच वळतात. पुढे एप्रिलमध्ये सबमिशनच्या तोंडावर तोच जण केबिनमध्ये येतो आणि म्हणतो, "सर, सगळं मीच केलं." तिघांना बोलावलं तर ते म्हणतात, "सर, आमचं काम तर आम्ही कधीचंच देऊन टाकलं होतं ना."

हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रोजेक्ट गाइड म्हणून काम करतो. हे भांडण दर वर्षी किमान एका ग्रुपचं तरी माझ्यापुढे येतं. गंमत अशी, की बहुतेक वेळा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. एकाने खरोखरच दुपटीने काम केलेलं असतं आणि तिघांनी त्यांना सांगितलेलं काम खरोखरच पूर्ण केलेलं असतं. मग अर्धं काम गेलं कुठे? ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आळशी मुलं नसतात असं नाही. असतात, त्यांच्याकडे शेवटी येतो. पण आधी आळसाचं निदान करून बसलात तर खरा बिघाड सापडत नाही, आणि पुढच्या सेमिस्टरला तोच त्रास नव्या ग्रुपमध्ये पुन्हा सुरू होतो.

बिघाड नेमका कुठे असतो

एका ग्रुपचंच उदाहरण घेऊ. प्रोजेक्ट होता संत्र्याच्या बागेतल्या मातीचा ओलावा मोजण्याचा. बागेत सेन्सर, त्याला ईएसपी-३२ बोर्ड, तिथून वाय-फायने सर्व्हरवर माहिती आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर एक साधं अ‍ॅप. ग्रुपमधल्या एकाच्या मामांची काटोलकडे बाग होती, त्यामुळे चाचणीला जागा मिळाली. पोरांनी पहिल्याच दिवशी कॉलेजबाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाता खाता काम वाटून टाकलं: एकाकडे सर्किट, एकीकडे सर्व्हर, एकाकडे अ‍ॅप, एकीकडे रिपोर्ट आणि पीपीटी. चार जणं, चार कामं. वरवर पाहता यात काहीच वावगं नाही.

सर्किटवाल्याने तीन आठवड्यांत सेन्सर चालू केला. लॅबच्या टेबलावर कुंडीत पाणी घातलं की आकडा बदलायचा. त्याने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला आणि "माझं झालं" म्हणून मोकळा झाला. खोटं काहीच नव्हतं त्यात. महिनाभराने सर्व्हरवालीने बोर्डवर वाय-फायचा कोड चढवला आणि सेन्सरचे आकडे यायचेच बंद झाले. तिने सर्व्हर तपासला, स्वतःचा कोड तपासला, राउटर बदलून पाहिला. कारण सापडलं तेव्हा दीड आठवडा गेला होता. सेन्सर पिन २५ वर जोडलेला होता. ईएसपी-३२ मध्ये अ‍ॅनालॉग मापनाचे दोन गट असतात आणि २५ नंबरची पिन दुसऱ्या गटात येते. वाय-फाय सुरू असताना हा दुसरा गट वापरता येत नाही. तार काढून ३४ नंबरच्या पिनवर लावली, कोडमध्ये एक आकडा बदलला, आणि काम झालं.

आता सांगा, हा दीड आठवडा कुणाचा? सर्किटवाल्याचा भाग त्याच्यापुरता चालत होता, सर्व्हरवालीचा तिच्यापुरता. बिघाड होता दोघांच्या मधल्या सांध्यात, आणि सांधा कुणाच्याच नावावर नव्हता. अशी बेवारस कामं ज्याच्या टप्प्यावर अडतात त्याच्याच गळ्यात पडतात. बहुतेक ग्रुपमध्ये तो माणूस सर्व्हरवाला असतो, कारण सगळ्या तारा तिथेच येऊन मिळतात.

आधी तास मोजा, मग वाटा

या ग्रुपला मी एकच हिशोब करायला लावला. सेमिस्टरमध्ये कामाचे आठवडे १४. प्रत्येकाने आठवड्याला ६ तास द्यायचे ठरवले तर माणशी ८४ तास, चौघांचे ३३६. मग कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामाला किती तास लागतील ते अंदाजाने लिहायचं. अंदाज चुकला तरी चालेल. यादीतून काम सुटलं तर मात्र चालत नाही.

त्यांच्या यादीत सर्किटला ६० तास आले, सर्व्हरला ७०, अ‍ॅपला ७०, रिपोर्ट आणि पीपीटीला ५१. बेरीज २५१. उरलेले ८५ तास कुठे गेले, हे शोधताना दोन कामं वर आली. भाग एकमेकांना जोडून चालवून पाहणं, ४५ तास. आणि बागेत जाऊन चाचणी करणं, ४० तास. काटोल नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर. जाणं, येणं, दुपारच्या उन्हाआधी मापं घेणं आणि पेटीत काय बिघडलं ते तिथेच दुरुस्त करणं मिळून एका माणसाचे ८ तास जातात. अशा पाच फेऱ्या म्हणजे ४० तास.

हे ८५ तास पहिल्या वाटणीत कुणाकडेच नव्हते, आणि चालू गाडीत ते सगळे सर्व्हरवालीकडे सरकत होते. वाटणी बदलल्यावर काय झालं ते बघा:

| कोण | आधी, प्रत्यक्षात | नंतर | वाढलेलं किंवा सुटलेलं काम |
|---|---|---|---|
| सर्किटवाला | ६० | ८४ | बागेतल्या तीन फेऱ्या, २४ तास |
| सर्व्हरवाली | १५५ | ८४ | जोडणीचे फक्त १४ तास उरले |
| अ‍ॅपवाला | ७० | ८४ | जोडणीचे १४ तास |
| रिपोर्टवाली | ५१ | ८४ | जोडणीचे १७ आणि दोन फेऱ्यांचे १६ तास |

रिपोर्टवालीची ओळ मुद्दाम पुन्हा वाचा. "तू रिपोर्ट कर" म्हणणं वरवर सवलत वाटते, पण त्यात दोन्हीकडून नुकसान आहे. तिला व्हायवात कोडवर प्रश्न आला की ती अडकते, आणि बाकीच्यांना रिपोर्ट स्वतः न लिहिल्यामुळे आपण काय केलं हेच नीट सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या भागाच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा स्वतः लिहितो आणि त्याचे तास त्याच्या कामात धरलेले असतात. ज्याच्याकडे रिपोर्ट असतो तो ते मसुदे एका भाषेत आणतो, आकृत्या, संदर्भ आणि मांडणी बघतो. त्याचे तास त्यामुळे कमी होतात, आणि तिथेच जोडणीचं काम बसतं. तिसऱ्या माणसाने जोडणी तपासली की चुकाही लवकर सापडतात, कारण त्याला "माझ्याकडे तर चालतंय" असं म्हणता येत नाही.

करारनामा: एक पान, त्यापेक्षा जास्त नाही

करार म्हटलं की मुलं हसतात. "मित्रांमध्ये काय करार, सर?" मित्र आहेत म्हणूनच हवा. अनोळखी माणसाला आपण "तुझं काम राहिलंय" असं तोंडावर म्हणू शकतो. ज्याच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्ला त्याला म्हणता येत नाही, मग ते काम आपणच रात्री जागून उरकतो आणि मनात धरून बसतो. कागदावर आधीच लिहिलेलं असलं की बोट कागदाकडे दाखवता येतं, माणसाकडे दाखवावं लागत नाही.

या ग्रुपने जो कागद केला तो जवळपास असा होता. सही चौघांची, एक प्रत माझ्याकडे.

> १. प्रत्येक जण आठवड्याला ६ तास देईल. शनिवारी सकाळी १० ते १२ सगळे लॅबमध्ये, उरलेले ४ तास ज्याला जमेल तेव्हा.
>
> २. प्रत्येक कामाला एकच मालक आणि एक तारीख. मदत कुणीही करावी, पण उत्तर मालकाने द्यायचं.
>
> ३. काम "झालं" कधी म्हणायचं: ते सामाईक रिपॉझिटरीत आहे, दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिलं आहे, आणि चालवायचं कसं ते चार ओळींत लिहिलेलं आहे.
>
> ४. जोडणी दर दुसऱ्या शनिवारी. त्या दिवशी जेवढं आहे तेवढं एकत्र जोडून चालवायचं, अर्धवट असलं तरी.
>
> ५. काम वेळेवर होणार नाही असं वाटलं तर तारखेच्या २ दिवस आधी ग्रुपवर सांगायचं. आधी सांगितलं तर काम हलवू, कुणी काही बोलणार नाही. तारीख गेल्यावर सांगितलं तर नोंदीत लिहू.
>
> ६. प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू, घरचं कार्य, आजारपण: प्रत्येकाला दोन आठवडे सुटी. ते तास पुढे भरून काढायचे, कुठल्या आठवड्यात ते आधीच लिहायचं.
>
> ७. सलग दोन तारखा कुणाच्या न सांगता चुकल्या तर चौघे बसू. तिसरी चुकली तर नोंदवही घेऊन सरांकडे जाऊ. कुणी जाऊन सांगितलं म्हणून कुणी रागवायचं नाही.

यातलं तिसरं कलम सगळ्यात जास्त काम करतं. ते असतं तर पिन २५ ची भानगड तिसऱ्याच आठवड्यात उघडी पडली असती, कारण दुसऱ्या कुणालातरी तो सेन्सर सर्व्हरसकट चालवून पाहावा लागला असता. नुसतं "व्हिडिओ टाकला" म्हणजे काम झालं, ही सवय मोडायला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पहिल्या कलमात एक बारीक गोष्ट आहे. ग्रुपमधला एक जण वर्ध्याहून रोज ट्रेनने अप-डाउन करायचा. आधी त्यांच्या मिटिंगा रात्री नऊला होस्टेलवर व्हायच्या, आणि "हा येतच नाही" अशी त्याच्याबद्दल तक्रार होती. मिटिंगला न येणं आणि काम न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ ठरवताना ज्याला सगळ्यात अडचणीचं आहे त्याच्या सोयीची वेळ धरा, आणि हजेरीचं मोजमाप कामाच्या मोजमापात मिसळू नका.

करारात दंड लिहू नका. "उशीर झाला तर सगळ्यांना सावजी खाऊ घालायची" असं एका ग्रुपने लिहिलं होतं. दोन वेळा मजेत खाल्ली, तिसऱ्या वेळी ज्याच्यावर बिल आलं त्याने कामाबरोबर बोलणंही सोडलं. शिवाय दंड भरला की उशीर माफ झाला असं वाटू लागतं.

कुणी किती केलं, हे कसं कळणार

मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांची मापं घेतली होती, ती १९१३ मध्ये छापून आली. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण दर माणशी जोर कमी होतो, असं त्याला दिसलं. काही घट एकत्र ओढताना ताळमेळ न बसल्याची असते. पण १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडण्यावर केलेल्या प्रयोगांत ताळमेळाचा भाग वेगळा काढूनही घट उरली. त्यांच्या पुढच्या प्रयोगांत, आपला वाटा वेगळा ओळखला जातोय असं माणसाला कळलं की ही घट जवळपास नाहीशी झाली. आपल्या कामाचं तेवढंच: वाटा दिसला पाहिजे, आणि तो सेमिस्टर चालू असताना दिसला पाहिजे, संपल्यावर नाही.

यासाठी एक सामाईक शीट पुरते. रकाने पाच: तारीख, नाव, काय केलं, पुरावा, तास. सहावा रकाना हवा असेल तर "कुठे अडलं". दर शनिवारी मिटिंगच्या शेवटी दहा मिनिटांत प्रत्येकाने आपल्या ओळी भरायच्या. घरी जाऊन भरू म्हणाल तर कधीच भरणार नाही, आणि एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या ओळी एका रात्रीत भरलेली शीट मला लगेच ओळखू येते. सगळ्या ओळी एकाच सुरात लिहिलेल्या असतात आणि तासांचे आकडे सगळीकडे गोल असतात.

"पुरावा" हा रकाना जीव लावून भरा. "सर्व्हरवर काम केलं, ५ तास" ही ओळ काहीच सांगत नाही. "सेन्सरची माहिती दर १० मिनिटांनी साठवते, कमिटची लिंक" ही सांगते. पुरावा कोडच असला पाहिजे असं नाही. बागेतल्या फेरीचा पुरावा म्हणजे वाचनांचा कागद आणि पेटीचा फोटो. शेतकऱ्याशी बोललात तर त्याने काय सांगितलं त्याच्या पाच ओळी. ज्यांचं काम कोडमध्ये दिसत नाही त्यांच्यासाठी हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे, कारण रिव्ह्यूला त्यांचंच काम अदृश्य होतं.

कोडसाठी गिट आपोआप हिशोब ठेवतं, पण तो जसाच्या तसा खरा मानू नका. कमिट कुणाचे किती, हे असं दिसतं:

```
git shortlog -sne --no-merges HEAD
```

या यादीत तीन गोष्टी नेहमी चुकीच्या दिसतात. पहिली, लॅबच्या मशीनवर मागच्या बॅचमधल्या कुणाचं तरी नाव सेट असतं आणि तुमचे कमिट त्याच्या नावावर जातात. यादीत अनोळखी नाव दिसलं तर हेच झालंय असं समजा. लॅबमध्ये बसलात की रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये आधी हे करा:

```
git config user.name "तुमचं नाव"
git config user.email "you@example.com"
```

`--global` लावू नका, नाहीतर पुढच्या ग्रुपचे कमिट तुमच्या नावावर चढतील. जुने कमिट दोन पत्त्यांत विभागले गेले असतील तर रिपॉझिटरीच्या मुळाशी `.mailmap` नावाची फाइल करून दोन्ही पत्ते एका नावाला जोडता येतात, इतिहास बदलावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, दोघं एका मशीनवर बसून काम करतात आणि कमिट एकाच्याच नावाने जातो. त्यावर उपाय म्हणजे कमिट संदेशाच्या शेवटी, एक रिकामी ओळ सोडून, जोडीदाराचं नाव लिहायचं:

```
Co-authored-by: जोडीदाराचं नाव <partner@example.com>
```

मग मोजताना दोघांनाही धरता येतं. गिटची आवृत्ती २.२९ किंवा नंतरची असेल तर:

```
git shortlog -sn --no-merges --group=author --group=trailer:co-authored-by HEAD
```

तिसरी आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ओळींची संख्या. अ‍ॅपवाल्याच्या नावावर एकदा हजारो ओळी दिसल्या आणि त्याने त्या अभिमानाने दाखवल्या. उघडून पाहिलं तर त्यातला मोठा भाग `package-lock.json` चा होता, जी फाइल टूल स्वतः तयार करतं. उलट, पिन २५ ची ३४ करणारा कमिट एका ओळीचा होता आणि त्यामागे दीड आठवडा होता. म्हणून गिटचा आकडा "कुणाचं काम सुरू आहे का" एवढं बघायला ठीक आहे, "कुणाचं किती" यासाठी नाही. दोन-तीन आठवडे एखाद्याचं नावच दिसत नसेल तर विचारा. २० विरुद्ध ३५ कमिटवरून भांडू नका.

रिपोर्टसाठी सामाईक गूगल डॉकमध्ये थेट लिहा. तिथे आवृत्तीचा इतिहास उघडला की कुणी कधी काय लिहिलं ते रंगांत दिसतं. पण चौघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर एकाने पेस्ट केला तर सगळं त्याच्याच नावावर दिसतं आणि नोंद निकामी होते. कुणाला वर्डमध्येच लिहायची सवय असेल तर आपलं आपण पेस्ट करावं, दुसऱ्याकडे पाठवू नये.

गुणांत उतरवायचं कसं

सेमिस्टरमध्ये दोनदा, मधल्या रिव्ह्यूच्या आधी आणि शेवटी, प्रत्येकाने गुप्तपणे मला एक चिठ्ठी द्यायची: स्वतःला सोडून बाकी तिघांत ३० गुण वाटायचे. सगळ्यांचं काम सारखं वाटलं तर १०-१०-१०. चौघांचे मिळून १२० गुण होतात, म्हणजे सरासरी माणशी ३०. मिळालेले गुण भागिले ३० केलं की त्या माणसाचा गुणक निघतो.

समजा सर्व्हरवालीला ३६ मिळाले, अ‍ॅपवाल्याला ३२, सर्किटवाल्याला ३० आणि रिपोर्टवालीला २२. गुणक झाले १.२, १.०७, १ आणि ०.७३. ग्रुपला ५० पैकी ४० गुण पडले असतील तर मी अर्धे, म्हणजे २०, सगळ्यांना सारखे देतो, आणि उरलेल्या २० ला गुणकाने गुणतो. म्हणजे सर्व्हरवालीला ४४, अ‍ॅपवाल्याला ४१.३, सर्किटवाल्याला ४० आणि रिपोर्टवालीला ३४.७. सगळे ४० गुण गुणकाने गुणले तर रिपोर्टवाली २९ वर येते आणि सर्व्हरवाली ४८ वर चढते. इतकी तफावत फक्त मित्रांच्या मतावर सोडणं मला पटत नाही.

कारण चिठ्ठी दोन्हीकडून फसते. सगळ्यांनी सगळ्यांना दहा-दहा दिले आणि शीटमध्ये एकाच्या ९० तासांसमोर दुसऱ्याचे ३० दिसत असतील, तर त्यांनी आपसात ठरवून लिहिलंय. आणि तिघांनी मिळून चौथ्याला तीन-तीन दिले, पण शीटमध्ये त्याच्या नावावर पुराव्यांसकट नीट काम असेल, तर तो गटबाजीचा बळी आहे. असं बहुधा वेगळ्या होस्टेलच्या किंवा दुसऱ्या सेक्शनमधून आलेल्या पोरासोबत होतं. दोन्ही वेळा मी चिठ्ठी बाजूला ठेवतो आणि प्रत्येकाला एकेकटं बोलावून शीटमधल्या त्याच्याच दोन ओळींवर प्रश्न विचारतो. खरं काम केलेल्याला आपल्या ओळीबद्दल बोलायला वेळ लागत नाही, आणि न केलेला दुसऱ्याच वाक्यात अडखळतो.

मधल्या रिव्ह्यूच्या आधीची चिठ्ठी गुणांत धरत नाही. ती फक्त ज्याला कमी पडले त्याला सांगतो: "तुझ्या ग्रुपला असं वाटतंय." उरलेल्या सहा-सात आठवड्यांत तो सुधारू शकतो. रिपोर्टवालीच्या बाबतीत तेव्हाच कळलं, की तिला जोडणीचे १७ तास दिले खरे, पण तिच्या लॅपटॉपवर बोर्डचं सॉफ्टवेअरच चढत नव्हतं आणि ती कुणाला सांगत नव्हती. लॅबमधलं एक मशीन तिला दिल्यावर तिच्या ओळी दिसायला लागल्या.

हे सगळं करूनही चालत नसेल तर

तुमच्या गाइडने यातलं काहीच केलं नाही, असंही होतं. तरी तासांची यादी, एक पानाचा करार आणि शीट या गोष्टी ग्रुपला स्वतःच करता येतात. शीट गाइडला वाचायची परवानगी देऊन ठेवा आणि दर महिन्याला त्याची लिंक मेलने पाठवा, दोन ओळींत. उत्तर आलं नाही तरी मेल पाठवलेला असतो.

एखादा जण खरोखरच काम करत नसेल तर त्याचं काम गुपचूप उरकू नका. करून टाकलंत तर शीटवर काम झालेलं दिसतं आणि त्याचं न करणं पुराव्यातून पुसलं जातं. काम अडू द्यायचं नसेल तर करा, पण शीटमध्ये लिहा: "हे काम मूळ अमक्याचं, तारीख १४ मार्च, न झाल्याने २० मार्चला मी घेतलं." टोमणा नको, तारखा पुरेत. सातव्या कलमाप्रमाणे तिसरी तारीख चुकली की त्याच आठवड्यात गाइडकडे जा, जमलं तर त्यालाही सोबत घेऊन. एप्रिलच्या शेवटी आलात तर गाइडही फार काही करू शकत नाही. काम हलवायला वेळ उरलेला नसतो आणि ग्रुप बदलणं तर अशक्यच असतं.

कधीकधी कारण वेगळं असतं: घरी आजारपण, बॅकलॉगचे पेपर, अर्धवेळ नोकरी. अशा वेळी त्याचे तास खुलेपणाने कमी करा. ८४ ऐवजी ५० लिहा, बाकीच्यांनी किती जास्त घेतले ते लिहा, आणि गुणकात ते तसंच उतरेल हे त्याला आधीच सांगा. बहुतेक जण ते मान्य करतात. राग कमी गुणांचा नसतो, शेवटच्या दिवशी कळल्याचा असतो.

ज्या ग्रुपचं रडगाणं आत्ताच सुरू झालंय त्यांनी सगळं एकदम करायला जाऊ नका. या शनिवारी फक्त कामांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तास लिहा. जोडणी, चाचणी आणि रिपोर्टची प्रकरणं यादीत आली आहेत का ते बघा. मालक नसलेली कामं दिसली की आधी तीच वाटा, करारनामा पुढच्या शनिवारी लिहिला तरी चालेल.